घरमालकाला पत्र: जळकी वायरिंग दुरुस्त करून घेण्यासाठी आणि चालू अग्निशामक सिलिंडर मिळवण्यासाठी

पुण्यात भाड्याने राहायला आलेल्या बहुतेकांचा घरमालकाशी व्यवहार फोनवर चालतो. "काका, बाथरूमच्या बोर्डातून जळका वास येतोय." "बरं, बघतो." महिनाभराने पुन्हा तोच फोन आणि तेच उत्तर. वायरिंगच्या बाबतीत हे थांबणं धोक्याचं आहे. शिवाय उद्या काही झालं, तर तुम्ही आधी कळवलं होतं हे दाखवायला हातात काही राहत नाही. म्हणून पत्र लिहायचं. मी धनकवडीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये असताना असं पत्र लिहिलं आणि त्यावर काम करून घेतलं. त्याचाच क्रम इथे देतेय. पत्रही पूर्ण दिलंय, आपापल्या घराप्रमाणे बदलून वापरा.

आमच्याकडे दोन तक्रारी होत्या. गीझरचा सॉकेट एका बाजूने तपकिरी होऊन वितळला होता. दाराजवळच्या लाल सिलिंडरचा काटा तांबड्या पट्ट्यात पडला होता आणि त्यावरच्या चिठ्ठीतली पुढच्या रिफिलची तारीख कधीच उलटून गेली होती.

१. आधी वापर बंद, मग फोटो

खराब झालेल्या पॉइंटचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, खाली पाडा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो पाडलेलाच ठेवा. कोणता एमसीबी कशाचा हे कळत नसेल, तर मेन बंद करा. बोर्ड स्वतः उघडू नका. बाहेरून जे दिसतं तेवढं पत्राला पुरतं.

फोटो काढताना एक जवळून घ्या, ज्यात वितळलेला भाग स्पष्ट दिसेल, आणि एक लांबून, ज्यात तो पॉइंट घरात कुठे आहे ते कळेल. गीझरच्या प्लगच्या पिनाही बघा. एकच पिन काळी पडली असेल, तर त्या बाजूचं कनेक्शन ढिलं असल्याची ही चांगली खूण आहे. डीबीचा, म्हणजे एमसीबींच्या पेटीचा, झाकण बंद असतानाचा एक फोटो घ्या. कोणता एमसीबी किती अँपिअरचा आहे ते त्यात वाचता आलं पाहिजे.

सिलिंडरचे तीन फोटो पुरतात: काटा, तारखांची चिठ्ठी, आणि पिन व सील.

२. काय बिघडलंय ते नीट समजून घ्या, कारण मालक तेच विचारणार

"एमसीबी पडत नाही ना? मग काही नाही." हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. त्याचं उत्तर पत्रातच असावं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

एमसीबी पडतो तो तारेतून ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की. सॉकेटच्या मागचा स्क्रू ढिला झाला, तर करंट वाढत नाही. तो तेवढाच राहतो, पण ढिल्या जागी नीट चिकटत नसल्यामुळे तिथे उष्णता तयार होते. दोन हजार वॉटचा गीझर साधारण नऊ अँपिअर घेतो, तीन हजार वॉटचा तेरा. रोज अर्धा-पाऊण तास एवढा करंट ढिल्या जोडातून गेला की आधी प्लॅस्टिक तपकिरी होतं, मग वितळतं, आणि आतल्या तारेवरचं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. सोळा अँपिअरच्या एमसीबीला यातलं काहीच कळत नाही. आरसीसीबी या गळती ओळखणाऱ्या स्विचलाही नाही, कारण तो फक्त करंट जमिनीकडे गळाला तरच पडतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पत्रात त्या मागायच्या असतात.

पहिली, फक्त सॉकेट बदलून भागत नाही. वायरमन येतो, नवीन सॉकेट बसवतो, पाच मिनिटांत जातो. आतली तार मात्र जळकीच राहते. टोकाकडचं तांबं काळं पडलेलं असेल तर नव्या स्क्रूखालीही ते नीट बसत नाही आणि काही आठवड्यांत नवा सॉकेटही तसाच होतो. तार चांगल्या, चकचकीत तांब्यापर्यंत कापून घ्यायला हवी. तेवढी लांबी शिल्लक नसेल, तर डीबीपासून नवीन ओढायला हवी. घर कन्सील वायरिंगचं असेल तर जुन्या तारेला बांधून नवी तार पाइपातून ओढता येते, भिंत फोडावी लागेलच असं नाही. मालकाला भिंत फुटण्याची भीती जास्त असते, म्हणून हे त्यांना आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. एमसीबी सारखा पडत असेल, तर काही वायरमन सोळाच्या जागी बत्तीसचा बसवून देतात. तक्रार बंद होते, कारण आता तार तापली तरी एमसीबी पडत नाही. एमसीबी असतो तो तारेला जपण्यासाठी. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर बत्तीसचा एमसीबी म्हणजे भिंतीतल्या तारेचं रक्षण गेलंच. असा प्रस्ताव आला तर स्पष्ट नाही म्हणा आणि ते लेखीही कळवा.

३. करार काढा आणि ही तीन कलमं वाचा

पुण्यात बहुतेक करार अकरा महिन्यांचे, लिव्ह अँड लायसन्सचे असतात. नोंदणी केलेल्या प्रतीत हे शोधा.

पहिलं, दुरुस्तीचं कलम. बऱ्याच करारांत लहानसहान दुरुस्ती राहणाऱ्याची आणि मोठी दुरुस्ती मालकाची असं लिहिलेलं असतं. बल्ब, ट्यूब, नळाचा वॉशर हे लहान. भिंतीतली तार, डीबी, अर्थिंग हा घराचा भाग आहे. "मोठी" म्हणजे काय ते करारात लिहिलेलं नसेल, तर पत्रात तुम्ही हा फरक मांडायचा.

दुसरं, मालकाने दिलेल्या वस्तूंची यादी. गीझर त्या यादीत असेल, तर "तुम्हीच काहीतरी जास्तीचं लावलं असणार" हा मुद्दा उरत नाही. सिलिंडर यादीत आहे का, तेही इथेच कळतं, आणि पुढच्या टप्प्यात त्यावर बरंच अवलंबून आहे.

तिसरं, नोटीस कोणत्या पत्त्यावर द्यायची आणि किती दिवसांची.

आता कायद्याबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना अठरा हजार भाडं असेल, तर वर्षाचं होतं २ लाख १६ हजार, आणि मर्यादा येते ५४ हजार.

इथेच बरेच जण अडकतात. हे कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक असतो, त्यामुळे हे कलम आपल्याला आपोआप लागू होतं असं धरून चालू नका. परस्पर भाडं कापलं, तर थकबाकीदार तुम्ही ठरता आणि डिपॉझिट अडकतं. तुमचा आधार करारातलं दुरुस्तीचं कलम. भाड्यातून वळतं करायचं असेल, तर आधी मालकाची लेखी संमती घ्या. व्हॉट्सअॅपवर "हो, पुढच्या भाड्यातून वजा करा" एवढा मेसेज आला तरी कामाचा असतो. पेठांतल्या वाड्यांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी. त्यांना कलम १४ चा उल्लेख पत्रात थेट करता येतो.

४. सिलिंडरची मागणी वेगळी मांडा

वायरिंग आणि सिलिंडर या दोन मागण्या एकाच वाक्यात बांधू नका, कारण दोन्हींचा आधार सारखा नाही. वायरिंग दुरुस्त करणं मालकाचं काम आहे. घराच्या आतल्या सिलिंडरचं तसं सरळ सांगता येत नाही.

इमारतीच्या जिन्यात, पॅसेजमध्ये, पार्किंगमध्ये असलेली अग्निशमन यंत्रणा ही सोसायटीची जबाबदारी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, त्यांना ही यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. सोसायटीत याला "बी फॉर्म" म्हणतात. पॅसेजमधला सिलिंडर बाद असेल, तर मालकाला सोसायटीच्या सेक्रेटरींकडे विचारायला सांगा. सोसायटीचे सभासद ते आहेत, त्यामुळे त्यांच्या पत्राला जास्त वजन असतं.

फ्लॅटच्या आतला सिलिंडर कराराच्या यादीत असेल, तर चालू स्थितीतला मागणं रास्त आहे, कारण यादीत वस्तू दिली म्हणजे ती उपयोगी स्थितीत दिली असंच धरलं जातं. यादीत नसेल, तर विनंती म्हणून मागा आणि निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवा. आम्हाला तशी वेळ आली नाही, पण शेजारच्या मुलींनी तसंच करून सिलिंडर मिळवला.

कोणता मागायचा तेही नेमकं लिहा. विजेच्या आगीवर पाणी किंवा फोम चालत नाही. घरासाठी एबीसी ड्राय पावडरचा, आयएसआय मार्कचा, दोन किंवा चार किलोचा सिलिंडर मागा. त्याला काटा असतो आणि काटा हिरव्यात आहे का ते रोज येताजाता दिसतं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही विजेला चालतो, पण त्याला काटा नसतो, तो वजन करून तपासावा लागतो. घरात कोण वजन करत बसणार, म्हणून मी पावडरचाच सांगते.

५. पत्र

आमच्या पत्रातली नावं आणि पत्ते काढून ते जसंच्या तसं देतेय. मालक वयाने मोठे आणि बोलायला चांगले होते, म्हणून मायना घरगुती ठेवला. मागण्या मात्र मोघम ठेवल्या नाहीत.

> दिनांक: (तारीख)
>
> प्रति,
> (करारात असलेल्या सर्व मालकांची नावं आणि पत्ता)
>
> विषय: फ्लॅट क्र. (…) मधील जळालेली वायरिंग दुरुस्त करणे व चालू अग्निशामक सिलिंडर मिळणे याबाबत
>
> आदरणीय काका,
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या वरील फ्लॅटमध्ये आम्ही (तारीख) च्या नोंदणीकृत करारानुसार राहत आहोत. घरात पुढील दोन गोष्टी तातडीने बघण्याची गरज आहे.
>
> १. बाथरूममधील गीझरचा सोळा अँपिअरचा सॉकेट उजव्या बाजूने वितळला आहे. गीझर चालू असताना बोर्ड गरम होऊन जळका वास येत होता. गीझर आपणच दिलेला असून कराराच्या यादीत आहे. त्या पॉइंटवर दुसरे कोणतेही उपकरण आम्ही लावलेले नाही. सुरक्षिततेसाठी (तारीख) पासून त्या पॉइंटचा एमसीबी आम्ही बंद ठेवला आहे. एमसीबी पडलेला नव्हता, परंतु ढिल्या जोडामुळे होणारी उष्णता एमसीबीला कळत नाही, त्यामुळे आतली तार तपासणे गरजेचे आहे.
>
> कृपया परवानाधारक वायरमनकडून पुढील काम करून घ्यावे:
> (अ) सॉकेट बदलणे, जळालेली तार चांगल्या तांब्यापर्यंत कापून पुन्हा जोडणे, आवश्यक असल्यास डीबीपासून नवीन तार ओढणे;
> (आ) त्या पॉइंटला अर्थिंग येते का ते मोजून बघणे;
> (इ) डीबीमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नाही, तो बसवणे;
> (ई) एमसीबीची क्षमता तारेच्या जाडीनुसारच ठेवणे, ती वाढवू नये.
>
> २. दाराजवळील अग्निशामक सिलिंडर कराराच्या यादीत आहे. त्याचा काटा लाल पट्ट्यात असून रिफिलची मुदत संपली आहे. तो रिफिल करून किंवा बदलून एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कचा चालू सिलिंडर द्यावा, ही विनंती.
>
> वायरमनने दोन दिवसांत येऊन बघावे आणि हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत वायरिंगचे काम व पंधरा दिवसांत सिलिंडरचे काम पूर्ण व्हावे, अशी विनंती आहे. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी दिवसभर आम्ही घरी असतो. आपल्याला येणे जमत नसल्यास, आम्ही वायरमनकडून अंदाजपत्रक घेऊन पाठवू. आपली लेखी संमती आल्यास काम करून घेऊन बिल आपल्याला देऊ.
>
> कराराच्या कलम (…) नुसार ही दुरुस्ती आपल्याकडे येते. सोबत फोटो जोडले आहेत.
>
> आपली,
> (नाव, सही, फोन)
>
> सोबत: फोटो (संख्या), करारातील संबंधित पानाची प्रत

"लवकरात लवकर" असं लिहू नका. त्याची तारीख कधीच उलटत नाही. आणि तापलेल्या वायरिंगला पंधरा दिवस देऊ नका, पहिली पाहणी दोन दिवसांतच मागा.

६. पोचवायचं कसं

जोडायचे कागद थोडेच आहेत: फोटोंच्या छापील प्रती, करारातलं दुरुस्तीचं आणि यादीचं पान, आणि आधी याबद्दल मेसेज झाले असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट.

पत्राच्या दोन प्रती काढा. मालक पुण्यातच असतील तर स्वतः जाऊन द्या आणि आपल्या प्रतीवर "मिळाले", तारीख आणि सही घ्या. सही मागणं काही जणांना अवघड वाटतं. "काका, माझ्या फाइलसाठी पोच हवी होती" एवढं म्हटलं की पुरतं. सही दिली नाही किंवा मालक परगावी असतील, तर करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा आणि ट्रॅकिंगमध्ये पत्र पोचल्याची नोंद दिसली की तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सअॅप आणि ईमेलवरही टाका. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांनाही. एजंटला दिलेलं पत्र मालकाला दिलेलं धरलं जाईल याची खात्री नाही, त्याला फार तर प्रत द्या.

७. उत्तर आलं नाही तर

मुदत उलटल्यावर दुसरं पत्र लिहा, पहिल्याच्या तारखेचा उल्लेख करून, निम्म्या लांबीचं. बहुतेक वेळा यावर फोन येतो. फोनवर जे ठरलं ते लगेच मेसेज करून कळवा: "आत्ता बोलल्याप्रमाणे शनिवारी वायरमन येतोय."

बिघाड नेमका कुठे आहे त्यावर पुढची वाट ठरते. मीटरपर्यंतचं काम महावितरणचं. मीटरपाशीच ठिणग्या किंवा वास येत असेल तर मालकाची वाट न बघता १९१२ वर फोन करा. बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा, तो मालकाच्या नावावर असला तरी तक्रार घेतात. मीटरच्या पुढचं वायरिंग महावितरण दुरुस्त करत नाही, तिथे मालकच. मीटर रूममधली किंवा डक्टमधली सामाईक वायर असेल, तर सोसायटी. वायर पेटली, धूर आला, तर मेन बंद करता येत असेल तर बंद, लगेच बाहेर, आणि मग १०१.

मालक अजिबात ऐकत नसतील, तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेशीर मदत मिळते. पत्राच्या प्रती आणि पोच घेऊन जा. घर सोडायचं ठरवलंत तरी करारातल्या नोटिशीच्या मुदतीला हीच कागदपत्रं लागतील.

८. काम होताना समोर उभं राहा

वायरमनला काढलेली तार दाखवायला सांगा. टोक काळं आणि कडक असेल तर किती कापली ते बघा. नवीन तोंडाचं तांबं लालसर, चमकतं दिसायला हवं. गीझरला अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तार वापरतात, जाडी तारेवरच छापलेली असते. अर्थिंगसाठी मल्टिमीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढाच दाब दिसायला हवा, जेवढा फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतो. आरसीसीबी बसवल्यावर त्यावरचं टेस्टचं बटण दाबा, तो तिथल्या तिथे पडला पाहिजे. मग गीझर वीस मिनिटं चालवा, बंद करा, पॉइंटचा एमसीबी खाली पाडा, आणि हाताच्या पाठीने सॉकेटचं तोंड बघा. किंचित कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल, तर वायरमन घरात असतानाच त्याला परत उघडायला लावा.

सिलिंडर आल्यावर नुसती नवी चिठ्ठी बघू नका, कारण जुन्या सिलिंडरवर नवी चिठ्ठी चिकटवून दिल्याचंही घडतं. काटा हिरव्यात, पिन आणि सील शाबूत, नळीला तडा नाही, आणि चिठ्ठीवर एजन्सीचं नाव, रिफिलची व पुढची अशा दोन्ही तारखा. रिफिलचं बिल मागा. टांगायचा तो बाहेरच्या दाराजवळ. गॅसच्या शेगडीशेजारी टांगला, तर आग लागल्यावर तिथपर्यंत हातच जाणार नाही.

शेवटी मालकाला मेसेज करा: कोणतं काम कोणत्या तारखेला झालं, बिल कोणी दिलं, सोबत फोटो. करार पुढच्या अकरा महिन्यांसाठी वाढवताना सिलिंडर त्याच्या पुढच्या रिफिलच्या तारखेसह आणि आरसीसीबी, दोन्ही वस्तूंच्या यादीत लिहून घ्या.